व्हिसाचे पत्र : पगाराचा आकडा पासबुकाशी जुळवा

कोल्हापूरच्या फौंड्रीतून युरोपला जायचे ते मालकांनी नाहीतर मार्केटिंगच्या साहेबांनी. तेही बहुधा ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी भरणाऱ्या गिफा प्रदर्शनासाठी. आता मोल्डिंगचा सुपरवायझरही जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीकडे महिनाभर जाऊन येतो. शिरोली असो की गोकुळ शिरगाव, ‘साहेब, व्हिसाला कंपनीचं लेटर पाहिजे’ ही मागणी टाइम ऑफिसला नवी राहिलेली नाही.

आपण काय करतो? गिफाच्या वेळचे पत्र उघडतो आणि नाव बदलतो. त्यात ‘कंपनीच्या कामासाठी जात असून खर्च कंपनी करील’ हे वाक्य तसेच राहते. अर्जात मात्र मुलीची भेट लिहिलेली असते. शेंगेन व्हिसा संहितेच्या कलम 32 नुसार कागदातल्या मजकुराच्या खरेपणाबद्दल किंवा अर्जदार मुदतीत परतेल का याबद्दल रास्त शंका आली, तर व्हिसा नाकारता येतो. हे पत्र दोन्ही शंकांना जागा देते.

म्हणून कौटुंबिक भेटीच्या पत्रात पासपोर्टवरचे पूर्ण नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार, मंजूर रजेच्या तारखा आणि कामावर परत हजर होण्याची तारीख हवी. ‘सज्जन व होतकरू’ वगैरे प्रशस्ती कोणी वाचत नाही.

खरा घोळ पगारात होतो. समजा, पत्रात महिना 42,000 रुपये लिहिले आणि पासबुकात 35,000 दिसतात. त्यात लबाडी काहीच नाही : भविष्यनिर्वाह निधी 1,800, व्यवसाय कर 200, पतसंस्थेचा हप्ता 5,000. पण पत्र वाचणाऱ्याला हे कसे कळावे? एकूण पगार आणि हातात पडणारा पगार दोन्ही लिहा, सोबत गेल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या द्या. पगाराचा काही भाग रोखीने देणाऱ्यांची इथे अडचण होणार. तिला पत्रात उपाय नाही.

ठेकेदाराच्या माणसाला आपल्या लेटरहेडवर ‘आमचा कर्मचारी’ म्हणू नका. त्याचा पगार ठेकेदाराच्या खात्यातून येतो. नोकरीचे पत्रही त्यानेच द्यावे. आपण फार तर तो आपल्या आवारात केव्हापासून काम करतो एवढे लिहावे.

सहीखाली नाव, हुद्दा आणि थेट फोन द्या. वकिलातीतून पडताळणीचा फोन येऊ शकतो. तो गेटवर वाजला आणि वॉचमन ‘असा कोणी नाही’ म्हणाला, तर चांगले पत्रही वाया जाते.

चालू नोकरीत असे पत्र दिलेच पाहिजे, असे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1946 च्या कायद्याखालचे आदर्श स्थायी आदेशही म्हणत नव्हते. त्यांतला सेवा दाखला नोकरी सुटतानाचा होता. या मोकळिकीचा फायदा घेऊन काही ठिकाणी पत्र सहीसाठी आठवडेच्या आठवडे पडून राहते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी द्यावा लागतो आणि निर्णय 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. रजा द्यायची नसेल तर तसे पहिल्याच दिवशी सांगा. दिली असेल तर पत्र त्याच आठवड्यात हातात द्या.