किल्लीबरोबर काय काय जाते?



हंगाम सुरू झाला की कुणाला गट कार्यालयात जायचे असते, कुणाला धाराशिवला, कुणाला तुळजापूरला. शेजारी येतो, “जरा स्कूटर द्या, आत्ता आलो” म्हणतो आणि आपण किल्ली काढून देतो. नाही कसे म्हणायचे? पण त्या गाडीने वाटेत कुणाला उडवले, तर भरपाई कोणी भरायची? “गाडी तो चालवत होता, माझा काय संबंध?” असे बहुतेक जण म्हणतात. आमच्या मते हा समज चुकीचा आहे, आणि तो महागात पडतो.

निष्काळजीपणाने गाडी चालवल्याचा फौजदारी गुन्हा चालवणाऱ्यावर होतो, हे खरे. भरपाईचा दावा मात्र वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि त्यात चालक, मालक व विमा कंपनी असे तिघेही प्रतिवादी असतात. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. मित्र आपल्याच कामाला, समजा उसाची चिठ्ठी आणायला गेला असेल, तर मालकाची जबाबदारी अधिकच पक्की होते, कारण तो आपला माणूस म्हणून गेलेला असतो. तो स्वतःच्या कामाला गेला तरी मालक मोकळा होत नाही. स्वतः चालवा किंवा दुसऱ्याला चालवू द्या, विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असे मोटार वाहन कायदाच सांगतो. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयात गोव्यातील एका खटल्याचा निकाल लागला. मालकाने गाडी दुरुस्तीला दिली होती आणि अपघात दुरुस्ती करणाऱ्याच्या माणसाकडून झाला. तरीही विमा कंपनीने जखमीला भरपाई दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. मालकाने गाडी विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिली, तरी विमा तिच्याबरोबर जातो.

आता एक उदाहरण धरून चालू. येरमाळ्याच्या रस्त्यावर आपल्या मित्राने एका पादचाऱ्याला धडक दिली आणि न्यायाधिकरणाने आठ लाख भरपाई ठरवली.

विमा चालू आहे आणि मित्राकडे दुचाकीचा परवाना आहे, तर आठ लाख कंपनी भरते. मालकाला कोर्टाच्या खेपा पडतात, पण खिशाला हात लागत नाही.

विमा आहे, पण परवाना नाही. इथे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात वाट दाखवली आहे. परवाना नव्हता एवढे दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हेही तिला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले, तरी जखमीला पैसे आधी कंपनीने द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम न्यायाधिकरण करू शकते. शिवाय बिनपरवाना माणसाला गाडी दिली म्हणून मालकाला वेगळी शिक्षा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आणि विमाच संपलेला असेल, तर कंपनी मधे नाहीच. आठ लाख मालक आणि मित्र यांच्यावरच येतात. मित्राकडे काही नसले, तर वसुली ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे वळते. ही रक्कम कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे गोष्ट स्कूटरवरून थेट सातबाऱ्यावर येते. उसाच्या पट्टीवर कुटुंब चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मित्राच्या घरच्यांचाही विचार करा. इरकल साडीचे इलकल आपल्याला माहीत आहे. तिथून एक जण मागून घेतलेल्या मोटारसायकलवर गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी अचानक थांबली, तो तिच्यावर आदळला आणि मरण पावला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गाडी मागून नेणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो. म्हणून चूक सिद्ध न करता भरपाई मिळण्याचे जे कलम होते, त्याखाली त्याच्या वारसांना त्याच गाडीच्या विम्यातून मागता येणार नाही. दुसऱ्या कलमाखाली काही मिळते का, हे पाहायला प्रकरण हायकोर्टात परत गेले. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमाही मालकापुरताच; मित्राला तो लागू नाही.

गाडी देऊच नका, असे आम्ही म्हणणार नाही. अशाने गाव चालायचे नाही. पण किल्ली देण्याआधी “लायसन दाखव बरं” म्हणण्यात अपमान कसला? ते खरे की बनावट हे आर.टी.ओ.त जाऊन तपासायची अपेक्षा कायदा आपल्याकडून करत नाही. डोळ्यांनी पाहणे एवढे तरी आपल्या हातात आहे. आणि विम्याची मुदत कधी संपते, ती तारीख आजच गाडीची कागदपत्रे काढून पाहा. ती उलटून गेली असेल, तर विमा होईपर्यंत किल्ली खुंटीवरच राहू द्या. कुणी रुसला तरी चालेल.