मागणी उभी राहते ती तारखेवर

वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावातून फ्लॅट घेणारा माणूस सहसा दोन ठिकाणी जगत असतो. नोकरी रांजणगाव एमआयडीसीत, मुलांची शाळा शिक्रापुरात किंवा वाघोलीत, आणि ऊस, गोठा, आईवडील गावात. फ्लॅटचा ताबा लांबला की तो शिक्रापुरात भाड्याची खोली चालू ठेवतो, आणि दोनेक वर्षांनी बिल्डरविरुद्ध तक्रार करायला बसला की पहिलं वाक्य लिहितो : ‘मी इतके महिने भाडं भरलं, ते मला मिळावं.’ करारातलं ताब्याचं कलम दुसऱ्या पानावर, पुरावा म्हणून जोडलेलं.

हा क्रम उलटा आहे. त्याने तक्रारदाराचंच नुकसान होतं. भाडं मागू नये, असं मला म्हणायचं नाही. पण मागणीचा पाया भाडं असता कामा नये; तो करारातली तारीख असला पाहिजे.

आधी बिल्डरचं म्हणणं घेऊ. त्याचा पहिला युक्तिवाद ठरलेला असतो. करारातली तारीख अंदाजे होती, आणि महारेराने प्रकल्पाला मुदतवाढ दिली आहे, तेव्हा उशीर झालाच नाही. रेरा कायद्यानुसार नोंदणी करताना विकासक प्रकल्प पूर्ण करण्याची एक तारीख स्वतः जाहीर करतो, आणि कलम 6 खाली प्राधिकरण ती वाढवू शकतं, हे खरं. परंतु ती तारीख बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातली. तुमच्या करारातली तारीख बिल्डर आणि तुमच्यातली. या दोन तारखा एकमेकींत मिसळत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात 6 डिसेंबर 2017 च्या निकालात स्पष्ट केलं. रेरा हा कायदा ग्राहक आणि विकासक यांचा करार नव्याने लिहीत नाही, आणि कलम 18 खालचा उशीर मोजायचा तो नोंदणीपूर्वी झालेल्या विक्री करारातल्या तारखेपासूनच, असं त्यात सांगितलं आहे. गंमत अशी की, हा कायदा घटनाबाह्य ठरवा असं म्हणत बिल्डरच तिथे गेले होते. उशिरावरचं व्याज हा दंड नसून भरपाई आहे, हा मुद्दाही त्याच निकालात आहे. म्हणून मुदतवाढीचा कागद समोर आला तर घाबरू नये. तो तुमच्या कराराचा कागद नाही.

मग कोविड येतो. या बचावात थोडं तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. ज्या प्रकल्पांची मुदत 15 मार्च 2020 ला किंवा त्यानंतर संपत होती, त्यांना महारेराने मे 2020 मध्ये सहा महिन्यांची सवलत दिली, आणि 2021 मध्ये दुसऱ्या लाटेनंतर आणखी सवलत मिळाली. मात्र करारच 2021 साली झालेला असेल, तर बिल्डरने ती तारीख साथ डोळ्यांसमोर असताना लिहून दिली आहे. ज्या अडचणीची जाणीव ठेवून तारीख ठरवली, तीच अडचण पुढे तारीख चुकण्याचं कारण म्हणून सांगता येत नाही. कलम 6 मधली अनिवार्य परिस्थितीची यादीही लहान आहे : युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाने ओढवलेली तशी आपत्ती. वाळू मिळाली नाही, मजूर गावी गेले, बँकेने हप्ता अडवला, हे त्यात नाही. न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात (11 नोव्हेंबर 2021) सर्वोच्च न्यायालय याहून पुढे गेलं. ताबा वेळेत न मिळाल्यास पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे, अनपेक्षित घटनांनी किंवा न्यायालयाच्या स्थगितीनेही तो हलत नाही, असं त्याने म्हटलं.

तिसरा बचाव करारातल्याच एका ओळीचा असतो. ‘विलंब झाल्यास चौरस फुटाला दरमहा अमुक रुपये’ असं एक कलम असतं, आणि ती रक्कम इतकी किरकोळ असते की उशीर बिल्डरला परवडतो. याच करारात ग्राहकाचा हप्ता उशिरा आला तर मात्र सणसणीत व्याज लिहिलेलं असतं. अशी एकतर्फी कलमं ग्राहकावर लादता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पायोनिअर अर्बन प्रकरणात सांगितलं. 2020 मध्ये डीएलएफ सदर्न होम्स प्रकरणात त्याने करारात ठरलेल्या चौरस फुटाच्या भरपाईशिवाय सहा टक्के व्याजही दिलं. रेराने तर दोन्ही बाजूंचा व्याजदर एकच केला आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांतील 18 व्या नियमानुसार तो स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर आणखी दोन टक्के. हा दर बिल्डरला लागू आहे, तसाच तुम्हालाही. तुमचेच हप्ते थकले असतील तर तक्रार करण्याआधी ते तपासून घ्या, कारण उत्तरात पहिलं बोट त्याकडेच दाखवलं जाईल.

आता तक्रारदाराच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे वळतो. नातेवाईक, सोसायटीतले लोक, कधी वकीलही सांगतात : भाड्याच्या पावत्या गोळा करा, तेच तुमचं खरं नुकसान. हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण तो तोट्याचा आहे. एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मी धरलेले आहेत. जानेवारी 2021 मध्ये शिक्रापूरजवळ एका फ्लॅटचा नोंदणीकृत करार झाला, ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2022. त्या दिवसापर्यंत तीस लाख रुपये भरून झाले होते, थोडे स्वतःचे, बाकी कर्जाचे. भोगवटा प्रमाणपत्रासह ताब्याचं पत्र आलं 30 सप्टेंबर 2024 ला. उशीर एकवीस महिन्यांचा. खोलीचं भाडं महिना आठ हजार, म्हणजे एकूण 1 लाख 68 हजार. आता व्याज मोजा. एमसीएलआर अधिक दोन टक्के म्हणून अकरा टक्के धरू. तीस लाखांवर वर्षाला 3 लाख 30 हजार, महिन्याला साडेसत्तावीस हजार, एकवीस महिन्यांचे 5 लाख 77 हजार 500. ज्याने फक्त भाडं मागितलं, त्याने आपल्या हक्काचा जेमतेम तिसरा हिस्सा मागितला.

यापेक्षाही गंभीर गोष्ट वेगळी आहे. त्या कुटुंबाने भाड्याने खोली घेतलीच नसती आणि वडगाव रासाईतल्या घरातच राहून रोज एमआयडीसीला ये-जा केली असती, तर भाड्याच्या हिशेबात त्याचं नुकसान शून्य ठरलं असतं. पण त्याचे तीस लाख तितकेच अडकलेले होते, कर्जाचा हप्ता तितकाच जात होता, आणि रोजचा प्रवास होता तो वेगळाच. घरच्यांसोबत गर्दीत राहून दिवस काढले म्हणून भरपाई कमी मिळावी, हे मला मान्य नाही, आणि कायद्यालाही ते मान्य नाही. व्याजाला तुम्ही कुठे राहता याच्याशी काही घेणं नाही. तारीख चुकली आणि पैसे बिल्डरकडे होते, एवढं त्याला पुरतं.

भाडं सिद्ध करणंही वाटतं तितकं सोपं नसतं. आपल्याकडे खोलीचं भाडं बहुतेकदा रोखीत जातं, आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायचं घरमालक टाळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. कोऱ्या कागदावरच्या पावत्यांवर विरोधी वकील सहज बोट ठेवतो, आणि मग सुनावणी तुमच्या खोलीवर चालते, बिल्डरच्या उशिरावर नाही.

मग भाड्याची जागा कुठे? इथे कलम 18(1) नीट वाचायला हवं. ग्राहक प्रकल्पातून बाहेर पडत असेल, तर पैसे परत, त्यावर व्याज, आणि नुकसानभरपाईही, असं त्यात आहे. तो प्रकल्पात राहत असेल, तर परंतुकात त्याला उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज दिलं आहे. नुकसानभरपाईचा उल्लेख तिथे नाही. म्हणून ताबाही हवा, व्याजही हवं आणि शिवाय पूर्ण भाडंही हवं, अशी मागणी बहुधा अडखळते. एकाच चुकीसाठी अनेक शीर्षकांखाली भरपाई देणं योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पंचकुल्याच्या डीएलएफ प्रकरणात म्हटलं आहे. जो बाहेर पडतोय, त्याने मात्र भाडं जरूर मागावं. नुकसानभरपाई ठरवण्याचं काम कलम 71 खालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याचं असतं, आणि कलम 72 मध्ये ग्राहकाला झालेलं नुकसान आणि चुकीतून विकासकाला झालेला फायदा हे दोन्ही पाहायला सांगितलं आहे. तिथे बँकेतून गेलेलं भाडं आणि नोंदवलेला करार उपयोगी पडतो.

करारात तारीखच लिहिलेली नसेल तर? जुन्या आणि गावठाणालगतच्या लहान कामांत असं होतं. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठपर्यंत फ्लॅटचा प्रकल्प रेराच्या नोंदणीतून सुटतो, आणि तिथे करारही कसाबसा केलेला असतो. अशा ग्राहकासाठी ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. तारीख नसली तरी माणसाने अनिश्चित काळ वाट पाहायची नाही, तीन वर्षं ही वाजवी मुदत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मुंबईच्या फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात ठरवलं.

आणि तारीख मोजायची कुठपर्यंत, हेही महत्त्वाचं. ‘फर्निचरसाठी चावी घ्या’ म्हणून दिलेली चावी हा ताबा नव्हे. राज्याच्या नमुना करारात क्रम स्पष्ट आहे : आधी भोगवटा प्रमाणपत्र, त्यानंतर सात दिवसांत बिल्डरचं लेखी पत्र, आणि पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ग्राहकाने ताबा घ्यायचा. भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणं ही सतत चालू राहणारी चूक आहे, हे मुंबईच्या समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केलं. ताबा देताना ‘माझी काही तक्रार नाही’ असा कागद पुढे केला जातो. त्यावर सही करू नका. हक्क सोडण्याची अट घालून ताबा देणं गैर आहे, आणि खरेदीखत केल्याने भरपाईचा हक्क जात नाही, हेही डीएलएफ सदर्न होम्सच्या त्याच निकालात आहे.

म्हणून तक्रारीत पहिलं वाक्य करारातल्या कलमाचं हवं : करारनाम्याचा दस्त क्रमांक, कलम क्रमांक, त्यातली तारीख. त्यानंतर कोणत्या दिवशी किती रक्कम भरली याचा तक्ता, भोगवटा प्रमाणपत्राची तारीख असेल तर ती, आणि मागणी : ठरलेल्या तारखेपासून प्रत्यक्ष ताब्यापर्यंत दर महिन्याचं व्याज, विहित दराने. प्रकल्पातून बाहेर पडत असाल तर भाडं त्याखाली, वेगळ्या परिच्छेदात, बँकेच्या उताऱ्यासह. आदेश मिळूनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर कलम 40(1) नुसार ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून तहसीलदारांकडे. त्या कार्यालयात तुम्हालाच पाठपुरावा करावा लागतो, बिल्डरच्या मालमत्तेचे सर्वे नंबर आणि सातबारे स्वतः नेऊन द्यावे लागतात, आणि आदेशात व्याजाचा दर व तारखा जितक्या स्पष्ट असतील तितकी त्या वसुलीत पळवाट कमी राहते.