राखीव जागेवरचं भाषण

सोसायटीच्या निवडणुकीत माझी शेजारीण महिलांच्या राखीव जागेवर उभी राहिली. तिचं दोन मिनिटांचं भाषण आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘स्त्रियांनाही संधी द्या.’ मी ते खोडलं. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने समितीत स्त्रियांच्या दोन जागा राखीव आहेतच. मग विनवणी कशाला?

त्याऐवजी तिने टिपलेलं घेतलं : मे महिन्यात टँकर आले 22, हिशेबात 26. आरोप कुणावरच नाही. पुढे एकच वचन, दर महिन्याचा हिशेब फलकावर लावण्याचं. नव्या लिफ्टचं वचन गाळलं. तो खर्च सर्वसाधारण सभेने मंजूर करायचा.

‘टँकर स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजले, हे सांगू का?’ तिने बिचकत विचारलं.

भाषणाची सुरुवात आम्ही तिथूनच केली.