अकरावी प्रवेशाचा फनेल चार्ट: ३० मुलं राहिली की ८०?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा भागांपुरतीच होती. आता प्रत्येक फेरीनंतर आकडे येतात: नोंदणी इतकी, पसंतीक्रम भरलेले इतके, जागा मिळालेले इतके, प्रवेश घेतलेले इतके. हे आकडे एकाखाली एक मांडले की वरून रुंद, खाली निमुळता असा फनेल चार्ट आपोआप दिसायला लागतो. माझं म्हणणं असं की तो जसाच्या तसा काढला तर चुकीचं चित्र उभं राहतं.

फनेलची एक अट असते. खालच्या पायरीवरचा प्रत्येक जण वरच्या प्रत्येक पायरीवरून आलेला असला पाहिजे. ऑनलाइन खरेदीत हे बहुतेक वेळा जमतं, अकरावीत जमत नाही. इन-हाउस, अल्पसंख्याक आणि व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश फेऱ्यांच्या समांतर चालतात, त्यामुळे काही मुलं पसंतीक्रम न भरताच प्रवेश घेतात. शिवाय पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं नाही तर मूल ती जागा सोडून पुढच्या फेरीत येऊ शकतं. म्हणजे तेच मूल 'जागा मिळाली' या पायरीवर दोनदा मोजलं जातं.

एक उदाहरण घेऊ. आकडे काल्पनिक आहेत, हिशोब सोपा जावा म्हणून. १००० मुलांनी नोंदणी केली, त्यातल्या ८८० जणांनी पसंतीक्रम भरला. कोट्यातून १०० जणांनी प्रवेश घेतला. त्यातल्या ६० जणांनी पसंतीक्रम भरलेलाच नव्हता, उरलेले ४० भरून मग कोट्यात गेले. म्हणजे पहिल्या फेरीत खरे ८४०. त्यांच्यापैकी ६०० जणांना जागा मिळाली, ४२० जणांनी प्रवेश घेतला. दुसऱ्या फेरीत २५० जागा वाटल्या, १७० प्रवेश झाले. पण या २५० पैकी ९० जणांना पहिल्या फेरीतही जागा मिळाली होती.

आता साधा फनेल: १००० → ८८० → ८५० → ६९०. पाहणाऱ्याला वाटेल, पसंतीक्रम भरलेल्यांपैकी फक्त ३० जणांना जागा मिळाली नाही. पण ८५० हा वाटपांचा आकडा आहे, मुलांचा नाही. वेगवेगळी मुलं मोजली तर ती ७६० भरतात. फेरीत होती ८४०, म्हणजे दोन्ही फेऱ्यांत एकदाही जागा न मिळालेली मुलं ८०. पुढच्या फेरीचं नियोजन ३० धरून करायचं की ८०, हा फरक लहान नाही.

डेटा हातात असेल तर ही गडबड दोन तपासण्यांत सापडते. पहिली: वाटपाच्या टेबलमध्ये एकूण ओळी आणि `COUNT(DISTINCT student_id)` सारखे येतात का? दुसरी: पायरी चुकवून कुणी खाली पोहोचलंय का?

```sql
SELECT COUNT(DISTINCT a.student_id)
FROM admissions a
LEFT JOIN preferences p
  ON p.student_id = a.student_id
WHERE p.student_id IS NULL;
```

उत्तर शून्य आलं नाही (आपल्या उदाहरणात ६० येईल), तर वाटा वेगळ्या करा. कोट्याचा आकडा बाजूला काढा आणि फनेल फक्त फेऱ्यांच्या वाटेचा ठेवा. पायरीची व्याख्याही बदला: 'जागा वाटप' ऐवजी 'किमान एकदा जागा मिळाली'. मग चित्र बनतं ८४० → ७६० → ५९०. हा खरा फनेल, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या आत बसते.

तरी एक गोष्ट यातही लपते. पहिल्या फेरीत जागा मिळूनही १८० जणांनी प्रवेश घेतला नाही. त्यातल्या समजा ५० जणांना पहिलीच पसंती मिळाली होती. नियमाप्रमाणे ते पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. उरलेले १३० मात्र चांगल्या कॉलेजसाठी थांबलेत. फनेल दोघांनाही 'गळाले' म्हणतो. मुलं कुठून कुठे गेली हेच दाखवायचं असेल तर सँकी आकृती घ्या. त्यात दुसऱ्या फेरीकडे जाणारा प्रवाह दिसतो.

बातमीसाठी मात्र मी साधी आडवी पट्टीच निवडेन. दुसऱ्या फेरीअखेर प्रत्येक मूल एकाच रकान्यात: फेरीतून प्रवेश ५९०, कोट्यातून १००, जागा मिळून प्रवेश नाही १७०, जागाच नाही ८०, कोट्यात नाही आणि पसंतीक्रमही नाही ६०. बेरीज बरोबर १०००. पालकाला आपलं मूल कुठल्या रकान्यात आहे ते शोधता येतं, आणि ते ८० कुणाच्या नजरेतून सुटत नाहीत.