एका मेलमध्ये चार प्रश्न

मालेगाव तालुक्यातला सोयाबीन उत्पादक पीकविम्याबद्दल मेल लिहितो तेव्हा पावसाची हकिकत, पाहणीला कोणी न आल्याची तक्रार, सातबाऱ्यावरची चुकीची पीकनोंद आणि ‘पैसे कधी?’ हे सगळं एका दमात येतं. उत्तर मात्र बहुधा एकाच, सर्वांत सोप्या प्रश्नाला मिळतं. म्हणून अर्ज क्रमांक, गट क्रमांक आणि नुकसानीची तारीख वर एकदाच द्यावी. खाली आकडे घालून ‘1. माझी नुकसानीची सूचना नोंदली गेली का? 2. पाहणी कोणत्या तारखेला होईल?’ असं विचारावं. ‘आणि’ने जोडलेले दोन प्रश्न तोडावेत. पैशांचं उत्तर पाहणीवर अवलंबून, म्हणून तो प्रश्न तिसरा. पीकनोंद विमा कंपनी दुरुस्त करत नाही. त्याबद्दलचा मेल महसूल खात्याकडे स्वतंत्र जावा. अशाने मेल कोरडा होतो, व्यथा हरवते, असं कुणी म्हणेल. व्यथा जरूर लिहावी, पण प्रश्नांच्या खाली. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांतही 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. नागरिकावर ती लादणं मला अन्यायाचं वाटतं, पण स्वतःहून पाळली तर समोरच्याला ‘1. होय, 2. सोमवारी’ एवढंच लिहून पाठवता येतं, आणि तिसरा आकडा कोरा राहिला तर लगेच दिसतो.