अर्ध्या टक्क्याचे सरकारी व्याज

रिफंड जमा झाल्याचा मेसेज आला की बहुतेक जण आकडा पाहून खूश होतात आणि विषय संपवतात. वास्तविक त्या आकड्यात दोन रकमा असतात. एक आपलीच, जास्त कापली गेलेली. दुसरी त्यावरचे व्याज.

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम २४४ए नुसार जास्तीचा टीडीएस किंवा आगाऊ कर परत मिळताना दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. मोजणी विवरणपत्र भरल्यापासून नव्हे, कर निर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून रिफंड मंजूर होईपर्यंत. एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. २०२३-२४ चा त्यांचा कर २०,८०० रुपये, आणि पेन्शन व मुदतठेवींवर मिळून टीडीएस कापला गेला ६२,७५०. परत यायचे ४१,९५०. त्यांनी जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरले आणि रिफंड ३ ऑक्टोबरला मंजूर झाला. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने. शंभराखालची रक्कम सोडून ४१,९०० वर साडेतीन टक्के, म्हणजे सुमारे १,४६६ रुपये. बाईंनी मुदत चुकवून ऑगस्टमध्ये विवरणपत्र भरले असते, तर मोजणी त्या तारखेपासून सुरू झाली असती आणि एप्रिल ते जुलैचे व्याज बुडाले असते.

खात्यात एकरकमी सुमारे ४३,४०० रुपये येतात. त्यातले ४१,९५० हे उत्पन्न नाही, पण १,४६६ आहे. पैसे ज्या वर्षी मिळाले त्या वर्षीच्या विवरणपत्रात ते ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून दाखवावे लागतात. कलम १४३(१) च्या सूचनापत्रात व्याजाची ओळ वेगळी असते, एआयएसमध्येही ही नोंद येते. ती न पाहता विवरणपत्र भरले की तफावतीची विचारणा ओढवते.

इथवर नियम समजण्यासारखा आहे. खटकतो तो दर. आगाऊ कर पुरेसा भरला नाही तर हेच प्राप्तिकर खाते कलम २३४बी खाली त्याच १ एप्रिलपासून दरमहा एक टक्का वसूल करते. तुमचे पैसे त्यांच्याकडे राहिले तर वर्षाला सहा टक्के, त्यांचे तुमच्याकडे राहिले तर बारा.

त्याहून खटकते ती दहा टक्क्यांची अट. रिफंड ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याजच नाही. कर चार लाख आणि जास्तीची कपात ३८,००० असेल, तर ते ३८,००० महिनोन्महिने सरकार बिनव्याजी वापरणार. स्वतःहून जादा आगाऊ कर भरणाऱ्याला ही अट लावली तर एकवेळ चालेल. टीडीएस मात्र बँक किंवा कंपनी कापते, करदात्याला विचारून नव्हे. निदान त्या रकमेपुरती तरी ही अट काढून टाकायला हवी.