घर सोडलं, पण डोळा तिथेच राहिला

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या भाचीने वाकडचा भाड्याचा फ्लॅट सोडला आणि ती बाणेरला राहायला गेली. सामान नेलं, किल्ल्या दिल्या, डिपॉझिट परत मिळालं, सगळं कसं बिनबोभाट झालं. आठव्या दिवशी दुपारी ती ऑफिसात असताना तिच्या मोबाइलवर नोटिफिकेशन आलं, हॉलमध्ये हालचाल दिसली म्हणून. सवयीने तिने बोट लावलं. समोर तिचा जुना हॉल, आणि तिथे नुकतीच न्हाऊन आलेली, केस पुसत उभी असलेली एक अनोळखी मुलगी!

''मावशी, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं ना, की मी फोन उलटा करून ठेवला. तिची काय चूक होती गं? तिला तर माहीतही नव्हतं,'' भाची सांगत होती.

झालं होतं ते असं. बाळाला सांभाळायला येणाऱ्या ताईंवर लक्ष असावं म्हणून त्यांनी हॉलच्या छताला एक छोटा कॅमेरा लावला होता. घर सोडताना मालक म्हणाले, ''राहू दे तो, उगाच छताला भोकं दिसतील.'' हिलाही बरंच वाटलं. फ्लॅटमधलं ब्रॉडबँड मालकांच्या नावावर होतं. म्हणजे वाय-फायचं नाव तेच आणि पासवर्डही तोच. नवीन भाडेकरूंनी मेन स्विच चालू केला, कॅमेरा जागा झाला, त्याला ओळखीचं वाय-फाय सापडलं आणि तो आपला इमानेइतबारे जुन्या मालकिणीला चित्र पाठवू लागला. यात हॅकिंग नव्हतं की कुणाचा दुष्टपणा नव्हता. एक काम राहून गेलं होतं, एवढंच.

आपण कॅमेरा ही वस्तू समजतो. पंख्यासारखी, गिझरसारखी. प्रत्यक्षात हजार-दोन हजार रुपयांच्या या डबीची नाळ कंपनीच्या सर्व्हरवरच्या एका खात्याशी बांधलेली असते. डबी कुठल्या घरात आहे, ते घर आता कोणाचं आहे, याच्याशी त्या खात्याला देणंघेणं नसतं. खात्यातून नाव काढेपर्यंत तिची मालकी पहिल्याच माणसाकडे. त्यामुळे फोनमधून ॲप उडवलं की संपलं, हा आपल्यातल्या बहुतेकींचा समज साफ चुकीचा आहे. ॲप गेलं तरी खातं जिवंत राहतं, खात्यातलं फूटेज राहतं आणि कॅमेराही चालू राहतो.

चित्रण तरी एका जागी असतं का? तेही नाही. भाचीच्या कॅमेऱ्यात १२८ जीबीचं मेमरी कार्ड होतं. साध्या फुल एचडी दर्जाचं अखंड चित्रण अशा कार्डावर साधारण दोन आठवडे मावतं, मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. शिवाय महिन्याची वर्गणी भरून घेतलेल्या क्लाउडवर हालचालींच्या क्लिप्स साठत होत्या. त्या बहुधा तीस दिवस राहतात, कंपनी आणि योजनेप्रमाणे हा आकडा बदलतो. तिसरी जागा म्हणजे फोनची गॅलरी. बाळ पहिल्यांदा उभं राहिलं ती क्लिप तिने उतरवून घेतली होती आणि फोनच्या बॅकअपने ती आणखी एका ठिकाणी नेऊन ठेवली होती. चौथी जागा नाशिकच्या सासूबाईंचा फोन. नातू दिसावा म्हणून त्यांनाही कॅमेरा 'शेअर' केलेला होता.

आता गंमत बघा. भाचीने त्याच संध्याकाळी कॅमेरा काढायला ॲप उघडलं, तर तिला तसं करताच येईना. कारण खातं नवऱ्याच्या ईमेलवरून उघडलेलं. ती स्वतः फक्त 'पाहुणी'! पाहुण्याने आपल्या ॲपमधून कॅमेरा काढला तर तो तिच्या यादीतून जातो, खात्यातून नाही. आपल्याकडे घरातली यंत्रं सहसा नवऱ्याच्या किंवा भावाच्या नंबरवर चालू होतात आणि वापरतो मात्र आपण. रूममेट मुलींच्या बाबतीत तर हे फार होतं. कॅमेरा लावणारी मैत्रीण आधीच घर सोडून गेलेली असते आणि मागच्या दोघी वर्षभर तिच्या खात्यावर राहत असतात. फर्निश्ड फ्लॅटमध्ये घरमालकाचाच कॅमेरा असेल, तर तुम्ही काहीही केलंत तरी खरी किल्ली त्याच्याकडे. तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारायचा, मूळ खातं कोणाचं?

पुढचं सगळं क्रमाने केलं तर अर्ध्या तासाचं काम. क्रम चुकला की मात्र पंचाईत.

सर्वात आधी ठेवायचं ते उतरवून घ्या. बाळाच्या क्लिप्स तर आहेतच, पण चोरीची, मारहाणीची, डिपॉझिटच्या वादाची एखादी गोष्ट चित्रित झाली असेल, तर ते पुसण्याची घाई अजिबात करू नका. पोलिसांत तक्रार चालू असेल तर मूळ कार्डच जपून ठेवावं. एकदा क्लाउडवरचं पुसलं की परत मिळेल अशी आशा धरू नये.

मग क्लाउडवरच्या क्लिप्स पुसायच्या, तेही वर्गणी चालू असतानाच. वर्गणी आधी बंद केली तर काही ॲपमध्ये ती यादीच नीट उघडत नाही आणि मुदत संपेपर्यंत क्लिप्स तिकडे पडून राहू शकतात. काही कंपन्यांत कॅमेरा खात्यातून काढला की त्याचं चित्रणही जातं. रिंगचं तसं आहे, गुगलच्या नेस्टचंही. पण प्रत्येकीकडे तसंच असेल असं धरून चालू नये. आधी हाताने पुसून मोकळं व्हावं.

मेमरी कार्डाबद्दल एक सांगते. ॲपमधलं Format बटण दाबलं की यादी रिकामी दिसते, पण बहुतेक वेळा पुसली जाते ती अनुक्रमणिका. पानं तशीच राहतात. फाइल परत काढून देणारी सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात. त्यामुळे फॉरमॅट करा आणि तरीही कार्ड काढून सोबत न्या. एका कार्डासाठी दोन आठवड्यांचं आपलं घर दुसऱ्याच्या हाती देण्यात काय हशील आहे?

यानंतर ज्यांना ज्यांना शेअर केलं आहे त्यांची नावं काढायची. आणि मग मूळ खात्यातून, कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये तळाशी असतं ते Remove Device. बटणाचं नाव ॲपप्रमाणे थोडं बदलतं. कॅमेरा अलेक्सा किंवा गुगल होमला जोडला असेल तर तिथूनही वेगळा काढावा लागतो. हे मी उगाच सांगत नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झालेली गोष्ट आहे. काहींनी आपला नेस्ट कॅमेरा नीट रीसेट करून विकला होता. पण पूर्वी तो विंक नावाच्या दुसऱ्या यंत्रणेला जोडलेला होता, आणि त्या खात्यावर त्यांना नव्या मालकाच्या घराची छायाचित्रं दिसत राहिली. बोभाटा झाल्यावर गुगलने ती चूक दुरुस्त केली. म्हणजे कॅमेऱ्याने हात सोडला तरी मधल्या दलालाने धरून ठेवलेला असू शकतो!

रीसेटचं बटण सर्वात शेवटी. कार्डाच्या खाचेजवळ बारीक भोक किंवा बटण असतं, ते साधारण दहा सेकंद दाबून धरायचं. त्याने कॅमेरा वाय-फाय विसरतो. पण कार्ड सहसा पुसलं जात नाही आणि कित्येक कंपन्यांत खात्याशी असलेली गाठही सुटत नाही. नुसतं रीसेट करून कॅमेरा मालकांना दिलात तर उलटा त्रास होतो. ते जोडायला जातात आणि हे यंत्र दुसऱ्याच्या खात्यात आहे असा संदेश येतो. मग आठवडाभर फोनवर फोन.

नेमकी हीच आडकाठी आपल्याला तपासायला कामी येते. किल्ल्या देताना मालकांनाच त्यांच्या फोनवर कॅमेरा जोडायला सांगा. विनातक्रार जोडला गेला आणि तुमच्या, नवऱ्याच्या, सासूबाईंच्या अशा तिन्ही फोनवर दिसेनासा झाला, की नाळ तुटली म्हणायची. आणि हो, वर्गणीचा ऑटो-पे बंद करायला विसरू नका. कॅमेरा काढल्याने तो आपोआप थांबेलच असं नाही.

एवढा खटाटोप कशाला, आपल्या हॉलमध्ये असं काय आहे, असं एक शेजारीण मला म्हणाली. तिला मी अमेरिकेतल्या रिंग कंपनीचं प्रकरण सांगितलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये कंपनीवर ठपका ठेवला. त्यांच्या म्हणण्यानुसार, २०१७ साली कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने निदान ८१ महिला ग्राहकांच्या घरांतली हजारो चित्रणं कित्येक महिने पाहिली, आणि तीही बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांची. कंपनीने ५८ लाख डॉलर मोजून ते मिटवलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली महिलांच्या तपासणीची चित्रणं बाजारात विकली गेली. पकडलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीचीही मुलं होती. न पुसलेलं चित्रण कुठल्या वाटेने जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

कायद्याचं काय? खासगी क्षणी बाईला चोरून पाहणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई सुद्धा आहे. त्यात 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा. भाचीचं पहिलं नोटिफिकेशन चुकून उघडलं गेलं. पण कळल्यानंतरही तिने कॅमेरा तसाच चालू ठेवला असता, तर मला माहीत नव्हतं हे म्हणायची सोय उरली नसती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत. पण तो हक्क बजावायचा कंपनीपुढे. घरगुती वापर या कायद्यातून वगळला आहे. म्हणजे जुन्या भाडेकरूच्या हातातल्या चित्रणासाठी त्याचा आधार कमीच. माझ्या मते खरं काम लिव्ह अँड लायसन्सच्या करारात व्हायला हवं. आपण पंखे, ट्यूबलाइट, गिझर मोजून लिहितो. त्याच यादीत कॅमेरा, त्याचा सीरियल नंबर आणि खातं कोणाचं ही एक ओळ का नको?

भाचीने काय केलं ते सांगायचं राहिलं. नवरा मीटिंगमध्ये होता, तेव्हा तिने आधी मालकांना फोन करून कॅमेऱ्याची पिन काढायला लावली. रात्री नवऱ्याच्या खात्यातून कॅमेरा काढला, त्या आठ दिवसांच्या क्लिप्स न बघता पुसल्या. रविवारी ती स्वतः वाकडला गेली, त्या मुलीला सगळं खरं सांगितलं आणि तिच्यासमोर कार्ड काढून तिच्याच हातात दिलं. मुलगी आधी भडकली, मग रडली, मग तिने चहा केला. छताला दोन भोकं आहेत आता. मालकांनी पुट्टी लावून बुजवली, खर्च भाचीने दिला.